वाकलेले बोट

एका वाचक भगिनींनी वडिलांच्या तळहाताचे छायाचित्र पाठवले, अनामिका वाकलेली. मनगटावरची गँग्लिअनची गुळगुळीत गाठ छायाचित्रात बहुधा ओळखू येते, वाकलेले बोट मात्र फसवते. मी विचारले, दुसऱ्या हाताने ते सरळ होते का? ट्रिगर फिंगरमध्ये स्नायूची दोरी आवरणात अडकते. बोट सकाळी अधिक अडते, दुखते आणि बहुधा खटकन सुटते. यांचे बोट ओढूनही सरळ होईना, दुखतही नव्हते. तळहातात कडक पट्टा हाताला लागत होता. हा ड्युपुट्रेनचा विकार. मधुमेहींत अधिक आढळतो. त्यात त्वचेखालचा पडदा आखडतो, म्हणून तेल चोळून तो सैल होत नाही. तळहात टेबलावर सपाट टेकेनासा झाला की शल्यचिकित्सकांना दाखवावे; बोटाचा मधला सांधा फार काळ वाकलेला राहिला तर शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण सरळ होईलच असे नाही.