खुले पत्र: रुग्ण आत्ता कुठे बसला आहे, हे आधी विचारा

मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य यांस,



मी मराठवाड्यात काम करणारा मनोविकारतज्ज्ञ आहे. उपकेंद्रात बसलेले रुग्ण व्हिडिओवरून तपासणे हा आता माझ्या नेहमीच्या कामाचा भाग झाला आहे. मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली. काय करावे, काय करू नये हे त्यांत बरेच स्पष्ट आहे. पण रुग्ण आपल्या गावात, आपल्या घरात, स्वतःचा फोन घेऊन बसला आहे असे ती बहुतेक वेळा गृहीत धरतात. आमचा ऊसतोड कामगार वर्षातले पाच-सहा महिने असा बसलेला नसतो. म्हणून हे पत्र.

अनेक रुग्णांवरून रचलेले एक उदाहरण घेतो. त्याला बाळू म्हणू. वय 34, गाव बीड जिल्ह्यातले, उन्माद आणि नैराश्य असा दुहेरी आजार. रोज 900 मिलिग्रॅम लिथियमवर तो छान स्थिर आहे. दसऱ्यानंतर बायकोबरोबर कोयत्यावर निघाला आणि आता कोल्हापूरकडच्या एका कारखान्याजवळ कोपीत राहतो. फेब्रुवारीत गोळ्या संपत आल्या म्हणून जवळच्या उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी मला कॉल लावते. पडद्यावर बाळूचे नाव, बीडचा पत्ता आणि एक मोबाइल नंबर दिसतो. नंबर मुकादमाचा आहे. बोलता बोलता बाळू कोसळला आणि मी पडद्यावरचा पत्ता 108 ला सांगितला, तर गाडी तो जिथे नाही तिथे जाईल.

म्हणून माझा पहिला आग्रह ओळखीपेक्षाही ठिकाणाचा आहे. कॉल लागताच विचारायचे: आत्ता कुठे आहात, कोणते गाव, कुठला कारखाना, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन काय? हे कागदावर उतरल्याशिवाय 'झोप कशी आहे' हा प्रश्नसुद्धा विचारू नये. कॉल तुटला तर कोणी, कोणत्या नंबरवर, किती मिनिटांत फोन करायचा तेही तेव्हाच ठरवावे. आमच्याकडे कॉल तुटतोच.

ओळख पटवणे त्या मानाने सोपे आहे. आधार कार्ड बहुधा गावाकडे ट्रंकेत असते. पण जुना केसपेपर किंवा गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरता येते, आणि बायकोचे नाव, मागच्या भेटीची गोष्ट विचारता येते. मीही माझे नाव आणि नोंदणी क्रमांक सांगावा, कारण समोर कोण आहे हे कळण्याचा त्यालाही हक्क आहे. एक फसगत मात्र नेहमीची: बाळूऐवजी मेहुणाच येऊन म्हणतो, "दाजी फडात आहेत, तेवढ्या गोळ्या लिहून द्या." लिथियमच्या रुग्णाला न पाहता गोळ्या लिहायच्या नाहीत, एवढी एक ओळ आपल्या परिपत्रकात असली तरी उपकेंद्रातल्या मुलीला नाही म्हणायला आधार मिळेल.

खोलीत कोण आहे हेही पाहावे लागते. मुकादमाने उचल दिलेली असते. त्याच्यासमोर बाळू 'झोप नाही, जीव नकोसा झालाय' असे कधीच म्हणणार नाही. तेव्हा मुकादम बाहेर, बाळूच्या कानात इअरफोन आणि त्याला हो-नाहीत उत्तर देता येईल असे माझे प्रश्न. रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरता येते. कर्मचाऱ्याने लावून दिला असेल तर ती उघडपणे घेऊन नोंदवावी लागते. उपकेंद्रात हा दुसराच प्रकार असतो आणि संमतीची नोंद नेमकी तिथेच राहून जाते.

आता मुख्य धोका. लिथियमची रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मध्ये असावी लागते आणि 1.5 च्या वर विषबाधेची भीती असते. हे अंतर फार थोडे आहे. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडले, जुलाब झाले, किंवा कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. फडात या तिन्ही गोष्टी रोजच्या आहेत. मग माणूस झोकांड्या देतो, बोबडा बोलतो, हात थरथरतो, उलट्या करतो. टोळीतले म्हणतात, पिऊन आलाय.

व्हिडिओवर हे ओळखता येते, पण मुद्दाम पाहिले तरच. अडखळणाऱ्या चित्रात हाताचा कंप दिसतच नाही. म्हणून पसरलेल्या हातांवर कागद ठेवायला सांगावे आणि तो हलतो का हे नर्सने पाहावे. कॅमेऱ्यासमोर दहा पावले चालवावे. अंगदुखीला काय घेता, कोणाकडून, हे विचारावे. लागलेच तर पॅरासिटामॉल चालते, हेही सांगावे. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घ्यायचे आणि लिथियम हेपरिनच्या नळीत घ्यायचे नाही, नाहीतर नळीतले लिथियम मोजले जाऊन अहवाल खोटाच चढा येतो. पातळीबरोबर क्रिएटिनिनही हवे.

विषबाधेचा संशय आला तर गोळी तिथेच थांबवायची आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचे. प्राथमिक केंद्रात सलाइन लावून वाट पाहणे पुरेसे नाही. तातडीच्या यादीत नुसते 'जवळचे रुग्णालय' लिहिले तर नेमके हेच होते. आत्महत्येचा धोका किंवा अनावर उन्माद असेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 94 प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी. ही तरतूद माहीत नसलेला डॉक्टर 'मनोरुग्णालयात न्या' म्हणून वाट दाखवतो. प्रतिनिधी म्हणून बाळूच्या बायकोचे नाव आधीच नोंदवलेले असावे.

लिहिण्याच्या मर्यादांबद्दल थोडक्यात. शेड्यूल एक्स आणि एनडीपीएस कायद्याखालची औषधे दूरवरून लिहायला बंदी आहे. झोपेसाठी मागितले जाणारे अल्प्राझोलाम त्यातलेच. तत्त्वांनुसार नवा डॉक्टर असेल, किंवा प्रत्यक्ष भेटीला सहा महिने उलटले असतील, तर ती पहिली भेट धरली जाते आणि औषधांची मुभा आखडते. बाळूला रांगेतला मोकळा डॉक्टर मिळाला तर त्याच्यासाठी तो रुग्ण नवाच. त्याचा कॉल बीडच्या मनोविकारतज्ज्ञाकडे वळवायची सोय हवी. टोळी निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरात, त्याला प्रत्यक्ष बोलावून पातळी पाहिली, तर मार्चपर्यंतचा काळ नियमात बसतो. आणि ज्याच्या मनात मरणाचे विचार येतात, त्याच्या हाती महिन्याच्या गोळ्या देऊ नयेत. आठवड्याच्या द्याव्यात, बायकोकडे द्याव्यात.

शेवटची बाब नोंदीची. आमच्या नोंदीत निदान आणि औषध असते. मला त्यात रुग्ण कुठे होता, सोबत कोण होते, चित्र दिसत होते की फक्त आवाज, आणि काय तपासता आले नाही, हे हवे. 'चाल पाहता आली नाही, रक्त उद्या' एवढे लिहिले असले तरी पुढचा डॉक्टर सावध होतो. प्रिस्क्रिप्शन मुकादमाच्या व्हॉट्सॲपवर पाठवणे पूर्ण बंद करावे. ती मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या गोपनीयतेची पायमल्ली आहे, आणि पुढच्या हंगामात बाळूची उचल त्यावर अवलंबून असते. उपकेंद्रात छापून बाळूच्या हाती द्यावे.

या बाबींचे एक पानी परिपत्रक ऑगस्टमध्ये निघाले, तर यंदाच्या दसऱ्याआधी वापरता येईल. मसुदा करून द्यायची माझी तयारी आहे.

आपला,
मराठवाड्यातील एक मनोविकारतज्ज्ञ