हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

चकलीची कढई चुलीवर चढली की वर्षातले सर्वांत जास्त तेल याच आठ-पंधरा दिवसांत घरात येते, हे गृहिणीला कोणी सांगायला नको. तेलाच्या कारखानदारालाही ते सांगावे लागत नाही. म्हणून गरीब शाळकरी मुलांविषयीचा त्याचा कळवळा नेमका आश्विनात दाटून येतो आणि बाटलीवर एका हसऱ्या मुलाचे चित्र उमटते. चित्राखाली मजकूर असतो: ‘एक बाटली, एका मुलाचे जेवण.’ त्याच सुमारास शाळांना दिवाळीची सुटी लागलेली असते आणि शाळेची चूल थंड पडलेली असते, एवढे मात्र त्या चित्रकाराच्या ध्यानात येत नाही.

दोन वर्षांपूर्वी असेच एक चित्र घेऊन एका तेल कंपनीचे तरुण गृहस्थ आमच्या संस्थेत आले. आमची संस्था लहान. सरकारी शालेय पोषण आहारात काही शाळांपुरती डाळीची भर घालायची, एवढेच तिचे काम. मी जन्मभर शाळेत गणित शिकवले, म्हणून निवृत्तीनंतर खजिन्याच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. गृहस्थांचा बेत सुटसुटीत होता. एक लिटरच्या प्रत्येक बाटलीमागे एक रुपया आम्हाला मिळणार आणि बाटलीवर आमचे नाव व मुलाचे चित्र छापले जाणार. आमचे अध्यक्ष विरघळले. मी पाटी-पेन्सिल घेतली.

प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या ताटासाठी सरकारी प्रमाण असे आहे: धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम. धान्य वेगळे मिळते. बाकीच्या जिनसा आणि सरपण यांसाठी २०२५ च्या मे महिन्यापासून दर ताटामागे ६ रुपये ७८ पैसे ठरलेले आहेत. मग एका रुपयात जेवण कसले होणार? तेवढ्यात फार तर त्या मुलाचे त्या दिवसाचे तेल येईल. म्हणजे बाटलीवरचे पहिलेच वाक्य खोटे होते.

गृहस्थ हसून म्हणाले, “मॅडम, रुपया नको असेल तर आम्ही तेलच देतो. कितीही.”

मी आमच्या एका शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, “बाई, तेल पुरतंय हो. वरण पातळ होतंय, त्याचं बघा.” मावशींचा हिशेब पक्का होता. दिवसाला ५ ग्रॅम, शाळेचे दिवस साधारण २००, म्हणजे एका मुलाला वर्षाकाठी सारे मिळून एक किलो तेल लागते. तेलवाल्याने तेल द्यावे हे त्याला सोयीचे असते. गोदामातला माल हलतो आणि शाळेच्या भिंतीवर डब्याचे चित्र लागते. मुलाच्या ताटात मात्र जे उणे आहे ते उणेच राहते. दान कोणाच्या सोयीचे आहे हे पाहिले, की ते पोकळ आहे की भरीव, हे कळायला वेळ लागत नाही.

यानंतर मी करारातला बारीक अक्षरांचा मजकूर वाचला. तिथे ‘कमाल दहा लाख रुपये’ असे होते. हंगामात किती बाटल्या खपतील, असे मी विचारले. चाळीस लाख, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. म्हणजे पहिल्या दहा लाख बाटल्यांनंतर उरलेल्या तीस लाख बाटल्यांवर मूल हसत राहणार आणि त्या मुलाला त्यांतून एक छदामही मिळणार नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ते हेच! घेणारी गृहिणी समजते की आपल्या हातून रुपया गेला. तो गेलेलाच नसतो.

ही कला आपल्याकडची नव्हे. १९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी, कार्ड वापरले की एक सेंट आणि नवे कार्ड घेतले की एक डॉलर, अशी योजना काढली. पुतळ्याला १७ लाख डॉलर मिळाले. जाहिरातीवर त्याच्या दुपटीहून अधिक खर्च झाला. पुतळ्याला पैसे मिळाले हे खरेच, आणि कंपनीचा धंदा वाढला हेही खरे. त्यात पाप नाही. पाप आहे ते धंद्याला धर्म म्हणण्यात.

गृहस्थांना ही रक्कम कंपनीच्या सक्तीच्या दोन टक्के सामाजिक खर्चातही दाखवायची होती. ते मी साफ नाकारले. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या नियमांत २०२१ च्या जानेवारीत जी सुधारणा झाली, तीत आपल्या मालाच्या प्रसिद्धीचा लाभ मिळावा म्हणून केलेले प्रायोजन सामाजिक खर्चात धरता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मी म्हटले, “हा रुपया तुमच्या जाहिरातीच्या वहीत लिहा. तिथे तो शोभतो.”

आमच्या मंडळात दोन तट पडले. एक सोवळे सभासद म्हणाले, तळणाचा माल विकणाऱ्याचा पैसा मुलांच्या ताटात नकोच. अध्यक्ष म्हणाले, “अहो बाई, भिकाऱ्याने ओकारी देऊ नये. दहा लाख जाताहेत.” मला दोघांचेही पटले नाही. तेल विकणे हा काही गुन्हा नव्हे. मुलाच्या ताटातही ५ ग्रॅम तेल असतेच. आणि आम्ही भिकारी नव्हतो. ज्या नावावर ते चाळीस लाख बाटल्या खपवणार होते, ते नाव आमचे होते. विकणाऱ्याने आपल्या मालाची किंमत सांगू नये काय?

मी तीन अटी लिहून दिल्या. बाटलीवर खरे तेवढेच छापायचे. खप होवो न होवो, एक किमान रक्कम जूनमध्ये, शाळा उघडण्यापूर्वी, रोख द्यायची आणि वर कमाल मर्यादा नको. करार तीन वर्षांचा करायचा, कारण एका वर्षाचे घट्ट वरण देऊन पुढच्या वर्षी ते पुन्हा पातळ करणे, हे मुलाला न देण्याहून वाईट आहे.

गृहस्थ गेले आणि चार महिने फिरकले नाहीत. त्या महिन्यांत अध्यक्ष माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत. खरे सांगते, मलाही रात्री झोप लागत नव्हती. दहा लाख रुपये म्हणजे पाच हजार मुलांची वर्षभराची डाळ होती आणि ती मी एका वाक्यासाठी परत पाठवली होती.

ते परत आले. किमान बारा लाख कबूल झाले, कमाल मर्यादा गेली आणि पैसे जूनमध्ये देण्याचे ठरले. तीन वर्षांऐवजी दोनच वर्षे मिळाली. जाहिरातीचा खर्च छापावा, ही माझी आयत्या वेळची मागणी त्यांनी धुडकावली आणि मी ती सोडून दिली. बाटलीवर चित्र नाही. एवढाच मजकूर आहे: ‘या बाटलीमागे १ रुपया. त्यात एका मुलाच्या एका जेवणात ८ ग्रॅम डाळीची भर.’ तूरडाळ किलोला १२५ रुपये धरून काढलेला हा आकडा आहे. वीसाचे अठ्ठावीस ग्रॅम होतात. बारा लाख ताटे म्हणजे सहा हजार मुलांचे एक वर्ष.

जाहिरातीच्या जाणकारांनी हे वाक्य पाहून नाके मुरडली. आठ ग्रॅमने कोणाचे हृदय हेलावते, असा त्यांचा सवाल होता. माझे उत्तर असे की, ज्या घरात रोज डाळ मोजून भिजते तिथल्या बाईला आठ ग्रॅम म्हणजे काय ते नीट कळते. तिला हसरे मूल दाखवून फसवण्याची गरज नाही.

यंदा कढईत तेल ओतण्यापूर्वी बाटली जरा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचा. ‘पर्यंत’, ‘कमाल’ किंवा ‘उत्पन्नाचा काही भाग’ असे शब्द दिसले, तर आपला रुपया शाळेपर्यंत पोहोचलाच, असे धरून चालू नका. तेल खुशाल वापरा, चकल्या खुसखुशीत होतील. पुण्याचा हिशेब मात्र त्या बाटलीवर सोडू नका.