डिचोलीची बाळंतीण, पेडण्याचा पत्ता

आमच्या नात्यातली एक मुलगी. सासर पेडणे तालुक्यात, माहेर डिचोलीत. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली. श्रावणात मुलगा झाला, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. पुढे जे झालं त्यात दैवापेक्षा आमचा हात जास्त होता. मीही त्या घरात जात-येत होते, म्हणून हे लिहिताना मी स्वतःला बाजूला काढत नाही.

चौथ्या रात्री दोन वाजता ती बाळाची दुपटी धूत होती. आम्ही म्हटलं, काय उत्साह पोरीचा! पाचव्या दिवशी ती अखंड बोलत होती, मध्येच हसायची, मध्येच रडायची. धाकट्या बहिणीचं नावच तिला आठवेना. संध्याकाळी हळूच म्हणाली, "मावशी, हे बाळ माझं नाही. बदललंय." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी गेले. सहाव्या दिवशी सकाळी ती अगदी शहाण्यासारखी बोलली, चहा प्यायली, सगळ्यांना हायसं वाटलं. कोणी दृष्ट काढली, कोणी म्हणालं देवाचा कौल घेऊया. सातव्या रात्री तिच्या आजीला जाग आली तेव्हा ती बाळाला घेऊन परसातल्या विहिरीच्या कठड्याशी उभी होती. "याला शुद्ध करायचंय," म्हणत होती. आजीने मागून धरलं. आजीची झोप हलकी होती, एवढ्यावर दोन जीव वाचले.

या आजाराला डॉक्टर पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होतो, आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळं, ते पुष्कळ जास्त आढळतं. 2002 साली गोव्यातल्याच मातांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 23 टक्के मातांना नैराश्य होतं. त्याबद्दल आता थोडंफार बोललं जातं. या दुसऱ्या आजाराबद्दल कोणी बोलत नाही, आणि घाई तर याचीच असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं बहुतेकींना होतं. पण त्या बाईला आपलं बाळ आपलं वाटतं. कोणी म्हणालं, "मी बाळाला घेऊन बसते, तू झोप," तर ती झोपते. या आजारातल्या बाईला संधी देऊनही झोप येत नाही, आणि झोप नसली तरी ती थकल्यासारखी दिसत नाही. तिचा गोंधळ उडतो, माणसं-वेळ चुकते. बाळाविषयी काहीतरी भलतंच तिला खरं वाटू लागतं: ते बदललंय, त्याच्यात कोणी शिरलंय, दुधात विष आहे. आणि मध्ये दोन-चार तास ती अगदी ठीक असते. आम्ही त्या ठीक तासांना फसलो. तो आजाराचाच स्वभाव आहे, उतार नव्हे. बाईला आधी बायपोलर आजार असेल, किंवा मागच्या बाळंतपणात असंच झालं असेल, तर धोका कितीतरी जास्त. अशा घराने बाळंतपणाआधीच डॉक्टरला सांगून ठेवायला हवं.

मग अशा वेळी काय करायचं? तिला एक क्षणही बाळाबरोबर एकटी ठेवायची नाही आणि त्याच दिवशी 108 ला फोन करायचा. सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. टेलि-मानसचा 14416 हा नंबर सल्ल्यासाठी चांगला, पण विहिरीच्या कठड्याला सल्ला पुरत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 94 म्हणतं की अशा आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त 72 तास उपचार करू शकतो, आणि तिला मानसोपचाराच्या ठिकाणी पोचवणंही त्यातच येतं. घरचं माणूस हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. म्हणजे पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रातला साधा एम.बी.बी.एस. डॉक्टरही सुरुवात करू शकतो. ताप, जोराची डोकेदुखी, फिट, वाढलेला रक्तदाब यांतलं काही असेल तर ते आधी सांगायचं. जंतुसंसर्ग किंवा मेंदूच्या शिरेत झालेली रक्ताची गाठसुद्धा हेच रूप घेऊन येते. गोव्याची मानसोपचार संस्था बांबोळीला आहे आणि गोमेकॉ तिथून जवळच, हा आपल्या छोट्या राज्याचा फायदा आहे.

आता बाळाचं. तिला एका खाजगी इस्पितळात नेलं. तिथे सांगितलं, बाळ आत चालणार नाही. आम्हालाही तेच बरं वाटलं. नऊ दिवस ती आत आणि बाळ बाटलीवर घरी. तिचं दूध आटलं. बाळ बदललंय अशी जिची समजूत, तिच्यापुढून आम्ही बाळच नाहीसं केलं! शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "मी त्याला काही केलं का?" तो जिवंत आहे यावर तिचा दोन दिवस विश्वास बसला नाही.

आम्हाला कायदा माहीत नव्हता. त्याच कायद्याचं कलम 21 सांगतं की तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. मुलाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञाला तपासून वाटलं तर तात्पुरतं वेगळं करता येतं, तेव्हाही देखरेखीखाली आईला मूल भेटलं पाहिजे. दर 15 दिवसांनी त्या निर्णयाची फेरतपासणी व्हायला हवी, आणि 30 दिवसांच्या वर जायचं तर प्राधिकरणाची मंजुरी लागते. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळासाठी वेगळा विभाग आहे. सगळ्यांना बेंगळुरू गाठता येणार नाही, पण कायदा बेंगळुरूपुरता नाही. लागतं ते एवढंच: आईची खाट, बाळाचा वेगळा पाळणा, चोवीस तास जागं असणारं घरचं एक बाईमाणूस, आणि बाळ आईच्या हातात कधी, किती वेळ आणि कोणासमोर द्यायचं हे रोज ठरवणारा डॉक्टर. आजार जोरात असताना ती बाळाला लांबून बघेल, मग परिचारिकेजवळ बसून मांडीवर घेईल, मग आंघोळ घालेल. औषध चालू असताना अंगावर पाजायचं की नाही हे त्या-त्या औषधावर ठरतं. तेही विचारूनच ठरवायचं.

पण माझं खरं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. घरी सोडताना जावयाने डॉक्टरांना विनंती केली, "कार्डावर आजाराचं नाव नको. माझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय." कार्डावर आलं: अशक्तपणा, गोळ्या चालू, 15 दिवसांनी दाखवणे. पत्ता सासरचा, पेडण्याचा. मुलगी परत माहेरी, डिचोलीत. पेडण्याची आरोग्यसेविका घरी जाऊन आली, कुलूप बघून परतली. डिचोलीच्या सेविकेला बाळाच्या लशी माहीत होत्या, आईचा आजार नाही.

तिला लिथियम चालू होतं. चांगलं, जुनं औषध आहे, पण त्याला पाणी आणि मीठ नेहमीइतकं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम साचतं. आणि आमच्या जैन घरात तेव्हा दशलक्षण पर्व आलं. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. रात्रीच्या गोळीचं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. मग ती कधी संध्याकाळी घाईने दिली जाई, कधी राहून जाई, आणि राहिलेली सकाळी दुप्पट. अनंत चतुर्दशीला तिने हट्टाने निर्जळी उपवास केला. आम्ही कौतुक केलं, मन शुद्ध होईल म्हटलं. कंबर दुखते म्हणून बाळंतपणातली उरलेली वेदनाशामक गोळी दिली. त्या जातीच्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाई, जीभ जड झाली. आम्ही म्हटलं, उपासाचा अशक्तपणा. कार्डावरही तेच लिहिलं होतं ना! शेजारची परिचारिका सहज डोकावली, तिने गोळीचं पाकीट बघितलं आणि आरडाओरडा केला, म्हणून पोरगी वाचली.

घरी सोडताना गावातल्या आरोग्य केंद्रासाठी एक पत्र हवं होतं. त्यात काय हवं होतं ते मी पुढे लिहिते. तुमच्या घरात वेळ आली तर डॉक्टरांकडून असं मागून घ्या.

"ही बाळंतीण अमुक तारखेपर्यंत डिचोलीत माहेरी आहे, नंतर पेडण्याला सासरी जाईल. दोन्ही केंद्रांना प्रत दिली आहे. आजार: पोस्टपार्टम सायकोसिस. हिची पहिली खूण म्हणजे रात्री न झोपता कपडे धुणं, नंतर बाळ बदललंय असं म्हणणं. औषध अमुक, इतके मिलिग्रॅम, इतक्या वाजता. गोळी आई देईल. घरात रात्री अन्नपाणी घेत नाहीत, म्हणून वेळ सूर्यास्ताआधीची ठरवली आहे. लिथियम चालू असेपर्यंत निर्जळी उपवास नाही, विचारल्याशिवाय वेदनाशामक नाही. रक्तातलं लिथियम अमुक तारखेला, शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी तपासावं. थरथर, उलटी, तोल जाणं दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी इस्पितळात. रात्री बाळ आजीजवळ झोपेल. सेविकेने पहिल्या आठवड्यातच घरी जावं आणि आईची झोप विचारावी. सलग दोन रात्री झोप नाही किंवा बाळाविषयी भलतं बोलणं, तर 108. पुढच्या गरोदरपणात हा आजार पुन्हा होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे, म्हणून दिवस राहण्याआधी भेटावं. आमचा फोन नंबर अमुक."

एक कागद पुरे झाला असता. शेवटची ओळ पुन्हा वाचा. नणंदेच्या लग्नासाठी आजाराचं नाव लपवलं, म्हणजे हिच्या दुसऱ्या बाळंतपणातल्या डॉक्टरलाही ते कळणार नाही. तेव्हा आजीची झोप हलकी असेलच असं नाही.

काही बायका म्हणतात, हे पूर्वकर्माचं फळ. असेल. पण आपल्याच धर्मात हिंसेचं मूळ प्रमादात, बेसावधपणात सांगितलंय. आपण मुंगी चिरडू नये म्हणून पाणी गाळून पितो, खाली बघून चालतो. चार दिवस न झोपलेल्या बाळंतिणीकडे बघून "उत्साह" म्हणणं, तिचं मूल दाराबाहेर ठेवणं, कार्डावर खोटं लिहून घेणं, हा प्रमाद नव्हे तर काय? व्रत मोडल्याचं प्रायश्चित्त महाराज देतात. संथारा घेतलेल्याच्या पाण्याचीही चौकशी करणारे आपण, औषधावरच्या बाळंतिणीच्या पाण्याची चौकशी करत नाही.

मुलगा आता चालतो. दुपारी तिच्या कुशीत झोपतो, तीही झोपते. मी गेले की आधी तेच विचारते, "झोप लागते ना ग?" आणि ते पत्र, उशिरा का होईना, दोन्ही तालुक्यांच्या केंद्रांत पोचलंय. आजाराचं खरं नाव घालून.