विश्लेषण : परदेशी शिक्षणाच्या जाहिरातीतला फॉर्म आधी ‘बजेट’ का विचारतो?

इन्स्टाग्रामवर ‘जर्मनीत मास्टर्स करा, मोफत समुपदेशन’ अशी जाहिरात दिसते. बटण दाबले की अॅपमध्येच फॉर्म उघडतो. नाव, मोबाइल आणि ईमेल आधीच भरलेले असतात. त्यानंतर तीन प्रश्न येतात: बजेट किती, आयईएलटीएसचे गुण किती आणि प्रवेश कोणत्या सत्रात हवा. समुपदेशन सुरू होण्याआधीच या तीन उत्तरांवर विद्यार्थ्याची वर्गवारी झालेली असते.

चाळणी कशासाठी?

अशा जाहिरातींना ‘लीड अॅड’ म्हणतात. फॉर्म दोन टिचक्यांत भरला जात असल्याने सहज म्हणून भरणारे बरेच असतात, शिवाय प्रोफाइलमधला नंबर जुनाही असू शकतो. उदाहरणादाखल, १५ हजार रुपयांत १०० फॉर्म आले आणि त्यातले आठच विद्यार्थी प्रवेशाच्या तयारीत असले, तर फॉर्म १५० रुपयांना पडतो, पण कामाचा विद्यार्थी १,८७५ रुपयांना. प्रश्न वाढवल्यावर त्याच खर्चात ४० फॉर्म आले आणि त्यात १२ कामाचे निघाले, तर हाच आकडा १,२५० वर येतो. समुपदेशकाचे ६० फोनही वाचतात. चाळणी लावण्यामागचा हा हिशेब रास्तच आहे.

मग अडचण कुठे आहे?

सांगलीचा एक मेकॅनिकल अभियंता जर्मनीसाठी असा फॉर्म भरतो, असे समजू. वडिलांची बचत आठ लाख आहे, म्हणून तो ‘१० लाखांपेक्षा कमी’ हा पर्याय निवडतो. आयईएलटीएस अजून दिलेली नाही आणि प्रवेश पुढच्या वर्षी हवा आहे. तिन्ही उत्तरे कच्ची ठरतात. त्याला फोन येत नाही, फक्त व्हॉट्सअॅपवर माहितीपत्रके येत राहतात. ‘३० लाखांहून अधिक’ निवडणाऱ्याला मात्र काही मिनिटांत फोन जातो.

प्रत्यक्षात जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते. व्हिसासाठी साधारणपणे वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावे लागतात. युरो १०० रुपयांचा धरला तरी हे सुमारे १२ लाख होतात. आठ लाखांची बचत आणि वर चार-पाच लाखांचे कर्ज मिळाले, तर पहिल्या वर्षाची ही अट पुरी होऊ शकते. पण बजेट म्हणजे एका वर्षाचे की पूर्ण अभ्यासक्रमाचे, कर्ज धरून की सोडून, हे फॉर्ममध्ये लिहिलेले नसते. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसारख्या सरकारी योजनेसाठी अर्ज करणाऱ्याने काय निवडावे, यालाही उत्तर नसते.

फॉर्म थेट उत्पन्नच का विचारत नाही? मेटाच्या नियमांनुसार लीड फॉर्ममध्ये उत्पन्न, कर्ज किंवा बँक खात्याचा तपशील पूर्वपरवानगीशिवाय विचारता येत नाही. मग ‘बजेट’च्या टप्प्यांतून घरच्या ऐपतीचा अंदाज घेतला जातो.

‘पुढच्या वर्षी’ म्हणणारा कच्चा का?

जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि अनेक विद्यापीठांत अर्जाची मुदत १५ जुलै किंवा त्याआधी संपते. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही काढावे लागते. त्यामुळे वर्षभर आधी विचारणाऱ्यालाच सल्ल्याचा खरा उपयोग असतो. फॉर्म मात्र सल्ल्याची गरज मोजत नाही. विद्यार्थी पैसे भरण्याच्या किती जवळ आहे, एवढेच मोजतो.

यामागे कमाईची पद्धत आहे. ‘मोफत’ समुपदेशनाचा खर्च बऱ्याचदा विद्यापीठाच्या कमिशनमधून निघतो. हे कमिशन सहसा पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या टक्केवारीत असते. शुल्कच नसलेल्या सार्वजनिक विद्यापीठातून असे काही मिळत नाही. म्हणून जर्मनीची जाहिरात पाहून आलेल्या विद्यार्थ्याला फोनवर तिथलेच खासगी विद्यापीठ किंवा ब्रिटन सुचवले जाऊ शकते. शिवाय कोणता विद्यार्थी ‘पात्र’ ठरला, हे कन्सल्टन्सी मेटाला परत कळवू शकते. मग जाहिरात तशाच लोकांना अधिक दिसू लागते आणि सांगलीच्या त्या मुलासारख्यांपर्यंत ती पोहोचणेच कमी होते.

काय बदलावे?

सत्राचा आणि गुणांचा प्रश्न राहू द्यावा, पण त्यावरून कोणाला वगळू नये. कोणी कोणाशी बोलायचे, एवढेच ठरवावे. बजेट विचारायचेच तर ‘पहिल्या वर्षासाठी, कर्ज व शिष्यवृत्ती धरून’ असे स्पष्ट लिहावे. कमिशन कोणाकडून मिळते, हेही फॉर्मवरच सांगावे.

तोवर विद्यार्थ्यांनी बजेटचा पर्याय कर्ज धरून निवडावा. फोन आला की पहिला प्रश्न आपणच विचारावा: ‘तुम्ही सुचवलेल्या विद्यापीठांपैकी कोणती तुम्हाला कमिशन देतात?’ उत्तर टाळले गेले, तर तिथे फी भरण्याची घाई करू नये.