कुणाच्या पठनार्थ?

मागच्या हिवाळ्यात लष्करातल्या एका धर्मशाळेत एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस झाला. जेवणाच्या आधी पडद्यावर अक्षरं उमटली, 'तिच्या आवडीची पंचवीस गाणी', आणि गाणी सुरू झाली. पाठोपाठ नवऱ्यानं बायकोच्या हाती एक जाडजूड पुस्तक दिलं. वर सोनेरी अक्षरांत दोघांची नावं, आत फोटो आणि छापील चार-चार ओळींचे मजकूर. टाळ्या झाल्या. ती बाई नंतर माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, त्यातली सहा गाणी मी आयुष्यात ऐकलेली नाहीत."

गाणी कार्यक्रम करून देणाऱ्या मुलानं निवडली होती. पुस्तक दुकानातून करून आणलं होतं. नवऱ्यानं त्यात काय केलं, तर पैसे दिले. मला त्या भल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत. माझं भांडण आहे ते नाव छापलं की वस्तू आपली होते, या समजुतीशी. आणि हे भांडण मी शहाणपणानं करत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. नुसती केली नाही, दोन महिने खपून, सुवाच्य अक्षरात केली आहे.

आधी आपल्या घरातलीच एक गोष्ट आठवा. दान आपल्याला कुणी शिकवायला नको. आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपल्या मुलींना पाळण्यात कळतात. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या. छपाई नसलेल्या काळात, ताडपत्रावर, एक हजार! याहून मोठं शास्त्रदान मला ठाऊक नाही. पण दानाचा धर्मच असा की ते घेणाऱ्याचं तोंड बघत नाही. हजारावी प्रत कुणाच्या हाती गेली, हे अत्तिमब्बेनं विचारायचं कारण नव्हतं.

भेटीचं उलट आहे. भेट घेणाऱ्याचं तोंड बघूनच करावी लागते. आणि हेही आपल्याच पोथ्या सांगतात. जुन्या हस्तलिखित पोथीचं शेवटचं पान कधी पाहिलंत? तिथं पुष्पिका असते. कोणत्या संवतात, कोणत्या तिथीला, कोणत्या गावी, कुणी लिहिली, आणि पुष्कळदा कुणाच्या 'पठनार्थ' लिहिली. आमच्या ग्वाल्हेरला पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात, किल्ल्याच्या कड्यात तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या जात होत्या, तेव्हाच रइधू कवी इथं अपभ्रंशात काव्यं लिहीत होता. ज्या श्रावकानं काव्य लिहवून घेतलं त्याच्या कुळाची, घरच्या माणसांची हकिकत तो ग्रंथाच्या प्रशस्तीत घालत असे. कथा सगळ्यांची, पण ते पान त्या एका घराचं. वैयक्तिक म्हणतात ते हे. सोनेरी अक्षरातलं नाव नव्हे. कोण, कुठं, केव्हा, कुणासाठी.

आता माझी चूक सांगते.

आमचं लग्न १९८८ सालचं. माझं माहेर सांगलीचं, सासर इथलं. यांचं दाल बाजारात दुकान. २०१३ साली पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी यांना एक वही लिहून द्यायची ठरवली. एकावन्न गाणी, प्रत्येकाचे पूर्ण बोल, कडेला वेलबुट्टी. स्तवनं, सांगलीच्या शाळेतली गाणी, रेडिओवरची भावगीतं. यांनी पानं चाळली, "छान आहे हं" म्हणाले आणि वही रेशमी कापडात बांधून कपाटात ठेवली, दिवाळीतल्या पूजेच्या वहीशेजारी. मी आतून दुखावले. पुरुषाला काही कळत नाही, असं मैत्रिणींना सांगितलं. त्यांनीही माना डोलावल्या.

पाच वर्षांनी कपाट आवरताना तीच वही उघडली आणि मोजलं. एकावन्नपैकी अडतीस गाणी मी यांचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हाची! ती वही माझ्या माहेरची आठवण होती. यांचं त्यात काय होतं? पहिल्या पानावर नाव होतं, बस्स. म्हणजे मी आणि तो कार्यक्रमवाला मुलगा एकाच पंगतीत.

मग दुसरी वही केली. कशी केली ते नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

पहिला महिनाभर वहीला हातच लावला नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला फक्त टिपत गेले. हे दाढी करताना काय गुणगुणतात, कोणतं गाणं लागलं की आवाज वाढवतात, कोणतं लागलं की "बंद कर ते" म्हणतात. तीस वर्षं एका घरात राहून मला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. एकतीस नोंदी झाल्या.

मग गाळायला बसले. प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारला: हे पान मी माझ्या दिरांना दिलं तर चालेल का? चालत असेल तर पान बाद. सुंदर सुंदर गाणी यात गेली. सगळ्या जगाला आवडणारं गाणं दिरांनाही आवडतंच की. शेवटी बारा उरली आणि त्यातली काही अगदी भिकार होती.

उदाहरण घ्या. 'आशिकी' १९९० साली आला आणि पुढची दोन वर्षं त्याची कॅसेट प्रत्येक बसमध्ये. आम्ही मोठीला घेऊन बसनं निघालो होतो, ती वर्षाची. ड्रायव्हर कॅसेट उलटीसुलटी करून तीच गाणी लावत होता. पोरीला उलट्या सुरू झाल्या, आणि यांनी आपल्या नव्या पांढऱ्या सदऱ्यात ते सगळं झेललं. त्या सिनेमाचं एक गाणं आजही लागलं की हे नाक मुरडतात. ते गाणं वहीत घातलं. दिरांना त्याचा काय उपयोग? तानसेन समारोहाचं पान असंच. डिसेंबरची थंडी, मध्यरात्र उलटलेली, मंचावर मोठे गवई, आणि हे माझ्या शालीत डोकं खुपसून झोपलेले. कोणता राग होता, ते त्या पानावर सांगायचं नव्हतंच.

एका गाण्याला एक पान. वर गाण्याचं नाव, सिनेमा किंवा गायक. खाली तीन-चार ओळी: गाव, साल, कोण होतं, काय झालं. 'अविस्मरणीय', 'गोड', 'हृदयस्पर्शी' असले शब्द आले की खोडले. सदरा लिहिला की प्रेम वेगळं लिहावं लागत नाही. बोल मात्र लिहिले नाहीत, ते जगात सगळीकडे मिळतात. प्रत्येक पानाची मागची बाजू कोरी ठेवली. साधी शंभर पानी वही आणि बॉलपेन. जेल पेननं एक पान लिहून पाहिलं होतं, ओला हात लागताच शाई पसरली. दुकानातून आलेला माणूस हात पुसून वही उघडेल, या भ्रमात राहू नका.

लेकीनं तीच बारा गाणी फोनवर त्याच क्रमानं लावून दिली. तिथं दोन गोष्टी कळल्या. एकाच नावाखाली मूळ गाणं असतं आणि दुसऱ्याच कुणी नव्यानं गायलेलंही असतं, म्हणून प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय यादीत घालू नये. पहिल्या ओळीला फरक कळत नाही, कडव्यात कळतो. आणि गाणी उलटसुलट क्रमानं वाजवण्याची जी खूण असते ती बंद करावी, नाहीतर बसचं पान उघडलेलं आणि कानात तानसेन समारोह. शिवाय फोनमधलं गाणं कधी एक दिवस न सांगता नाहीसं होतं. वहीतलं पान होत नाही. म्हणून यादी ही वहीची सोबतीण, वहीच्या जागी नव्हे. बारावं गाणं तर फोनवर सापडलंच नाही. सासरे पहाटे म्हणायचे ते पद. त्या पानावर लिहिलं, 'हे फोनमध्ये नाही. हे तुम्हीच म्हणायचं.'

काही जणी म्हणतील, हे चाळे नव्या पोरींनी करावेत. काही म्हणतील, वेळ कुठं आहे? बायांनो, आपण वह्या लिहीतच असतो. लोणच्यांच्या मापांची वही, आहेराची वही, दशलक्षण पर्वात घरात कुणाचा कोणता उपवास त्याची वही. सगळ्या घरासाठी. एका माणसासाठी लिहिलेली एकही नाही. आणि पुरुषांचं तर विचारूच नका. जन्मभर खातेवही लिहितात, कुणाकडून किती येणं ते तोंडपाठ, पण बायकोच्या नावे चार ओळी लिहायच्या तर दुकानात ऑर्डर देतात. तुमच्या मुलांना हे शिकवा, नुसतं मुलींना नको.

आणखी एक. ही वही चारचौघांत देऊ नये. चारशे माणसांसमोर वाचता येईल असंच लिहायचं ठरलं, की सदरा गळतो आणि 'हृदयस्पर्शी' शिल्लक राहतं.

मी वही यांच्या उशाशी ठेवली आणि काही बोलले नाही. हेही पंधरा दिवस काही बोलले नाहीत. मला वाटलं, गेली ही पण रेशमी कापडात. सोळाव्या दिवशी उघडून पाहिली. बसच्या पानामागच्या कोऱ्या बाजूला, दुकानातल्या पेन्सिलीनं, मोडी वळणाच्या त्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'गाडी शिवपुरीची नव्हे, गुनाची. शिवपुरीला चहाला उतरलो. सदरा तिथं नळावर धुतला. साल १९९१.'

पहिल्या वहीत यांना एकही चूक सापडली नव्हती. सापडणार कशी? त्या वहीत हे नव्हतेच.

मी शिवपुरी खोडली नाही. शेवटच्या पानावर तिथी घातली, गाव घातलं, आणि खाली लिहिलं: लिहिणारी मी, दुरुस्त करणारे हे, आणि पठनार्थ दोघांच्या.