शिळं कॅलेंडर

परवा अर्धी रजा टाकून आईला धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काउंटरवरच्या ताईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "काका, यांची वेळ तर गुरुवारची आहे."

आईच्या तारखा पुण्याहून दादा सांभाळतो. त्याचं कॅलेंडर मी आउटलुकमध्ये सबस्क्राइब केलंय. रात्री त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे, मी चार दिवसांपूर्वीच बदललं!" माझ्याकडे मात्र मंगळवारच. किती वेळा F9 दाबलं, ढिम्म.

मग कॅलेंडरची लिंक ब्राउझरमध्ये टाकून फाइल उतरवली आणि नोटपॅडमध्ये उघडली. त्यात गुरुवार होता! म्हणजे दादाकडून आलेली फाइल ताजी होती, शिळी होती ती माझ्याकडची प्रत. वरच ही ओळ दिसली:

```
X-PUBLISHED-TTL:P1W
```

P1W म्हणजे एक आठवडा. दादाच्या प्रोग्रॅमने परस्पर लिहून टाकलेली ही सूचना: आठवड्यातून एकदाच विचारा. अर्ध्या तासासाठी PT30M लिहितात. २०१६ च्या आरएफसी ७९८६ ने याच कामासाठी REFRESH-INTERVAL हे रीतसर नाव दिलं, पण जुनं नावही अजून दिसतं.

मंडळी, सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर म्हणजे काही टपाल नव्हे. बदल झाला की कोणी आपल्या दारात आणून टाकत नाही. आपला प्रोग्रॅमच ठरावीक वेळाने जाऊन अख्खी फाइल पुन्हा आणतो. जुन्या, डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये हे काम Send/Receive करतं, साधारणपणे दर ३० मिनिटांनी. पण Account Settings मधल्या Internet Calendars मध्ये Update Limit ची खूण असेल, तर प्रकाशकाने सांगितलेल्या वेळेच्या आत ते जात नाही. म्हणूनच माझं F9 वाया गेलं. ती खूण काढली आणि पाच मिनिटांत गुरुवार आला. वेबवरच्या आउटलुकमध्ये फाइल मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर आणतो. तिथे अशी खूण नाही, आणि बदल दिसायला एखादा दिवसही जाऊ शकतो.

मर्यादा मला पटते. हजारो लोक दर मिनिटाला फाइल मागू लागले तर सर्व्हर कोलमडेल. माझं भांडण वेगळंच आहे. दूध नासलं की वास येतो, कालचा पेपर तारखेवरून ओळखू येतो. कॅलेंडर मात्र आठवडाभर शिळं असलं तरी ताज्यासारखंच दिसतं. कॅलेंडरच्या डोक्यावर 'शेवटचं कधी आणलं' एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? ती असती, तर मी निघण्याआधी दादाला विचारलं असतं.

आता आमचं ठरलंय. सणवार, सुट्ट्या सबस्क्रिप्शनवर. दवाखान्याची तारीख बदलली, तर दादा फोन करणार.

आई ऑटोत एवढंच म्हणाली, "भिंतीवरचं कालनिर्णय बरं, बाप्पा. खोडलं की खोडलेलं दिसतं."