अडीच वाजता, गल्लीच्या तोंडाशी

बालीत भाड्याची गाडी म्हटली की बहुतेक वेळा गाडी, पेट्रोल आणि चालक असा एकच व्यवहार असतो. भाडं ठरवणं अवघड नाही. आकडे दोघांनाही कळतात. खरी कसोटी आदल्या संध्याकाळी लागते. उद्या किती वाजता आणि नेमकं कुठे, हे एका इंडोनेशियन माणसाला फोनवरच्या चार-पाच ओळींत कळवायचं असतं. त्याला इंग्रजी जेमतेम येतं आणि आपल्याला त्याची भाषा येत नाही. मी काही वर्षं जावात राहिले, म्हणून नात्यातले लोक निघण्याआधी असे निरोप माझ्याकडून लिहून घेतात. माझ्या मावसबहिणीसाठी लिहिलेला एक निरोप आज सविस्तर सांगते, कारण मराठी माणूस जिथे जिथे फसू शकतो ती बहुतेक ठिकाणं त्या एकाच निरोपात आली होती.

ती, तिचा नवरा आणि सासू-सासरे उबुदमध्ये एका घरगुती निवासात उतरणार होते. बातुर हा बालीतला जागृत ज्वालामुखी आहे, उंची 1717 मीटर. त्याच्या परिसरात जीपने जाऊन सूर्योदय पाहायचा बेत होता. उबुदहून वर किंतामानीला पोचायला तासाभराचा रस्ता, तिथून पुढे जीप. म्हणून निघायचं रात्री अडीचला, आणि दिवस रविवार, 14 जून.

आता हे 'अडीच' तिकडे कसं म्हणतात ते पाहू. 'सतंगाह' म्हणजे अर्धा आणि 'तिगा' म्हणजे तीन. चालक म्हणतो, 'जाम सतंगाह तिगा'. आपल्या कानावर 'अर्धा' आणि 'तीन' हे दोन शब्द पडतात आणि मन लगेच साडेतीन असा अर्थ लावतं. पण त्याचा अर्थ आहे अडीच: तिसरा तास अर्धा झालेला. 'सतंगाह तुजुह' म्हणजे साडेसहा, साडेसात नव्हे. दुपारच्या फेरफटक्याला एक तास चुकला तर चालून जातं. सूर्योदयाला एक तास चुकला तर सगळी सहलच वाया जाते, आणि थंडीत खाली उभ्या असलेल्या चालकाचाही एक तास जातो. लक्षात ठेवायला मराठीतच एक आधार आहे. आपले 'दीड' आणि 'अडीच' हे शब्द मुळात याच हिशेबाने घडले आहेत. अडीच हे संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून आलं, म्हणजे तिसरा अर्धा. साडेतीनपासून पुढे आपण हिशेब बदलला. त्यांनी बारा वाजेपर्यंत तोच चालू ठेवला.

लिहिताना यावर साधा उपाय आहे: वेळ आकड्यांतच लिहायची. इंडोनेशियात तास आणि मिनिटांच्या मध्ये टिंब देतात, 02.30 असं. आणि 'जाम' हा शब्द आकड्याच्या आधी ठेवायचा. 'जाम 2' म्हणजे दोन वाजता, तर '2 जाम' म्हणजे दोन तास. शब्द तेच, क्रम उलटला की अर्थ बदलतो.

वाराचा घोळ याहून खोल आहे. 'मिंगू' म्हणजे रविवार आणि 'मालाम' म्हणजे रात्र. पण 'मालाम मिंगू' म्हणजे रविवारची रात्र नव्हे. ती शनिवारची रात्र, रविवार उजाडण्याआधीची. रविवारची रात्र हवी असेल तर शब्द उलटे लावून 'मिंगू मालाम' म्हणावं लागतं. कुणी शब्दकोशात पाहून 'रविवारी रात्री 9'साठी 'मालाम मिंगू जाम 9' असं जुळवलं, तर चालक शनिवारी रात्री नऊला इमानेइतबारे दारात उभा राहील, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

आमच्या निरोपात तर दुहेरी पेच होता. रात्री अडीचला मराठी माणूस 'शनिवारी रात्री अडीच' म्हणतो, कारण झोपलो शनिवारी. तारीख मात्र रविवारची. ही अडचण सोडवणारा शब्द इंडोनेशियनमध्ये तयार आहे: 'दिनी हारी', म्हणजे मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतचा वेळ. 'रविवार, 14 जून, 02.30, दिनी हारी' असं लिहिलं की दुसरा अर्थ निघायला जागाच उरत नाही. 'उद्या' किंवा 'आज रात्री' हे शब्द अशा निरोपात मी घालतच नाही. निरोप दहाला पाठवला आणि त्याने बारानंतर वाचला, तर त्याचा 'उद्या' वेगळा दिवस झालेला असतो.

वेळेपेक्षाही मला जागेची काळजी जास्त वाटत होती. उबुदमधली पुष्कळ घरगुती निवासस्थानं गल्लीत आत असतात. गल्लीला 'गांग' म्हणतात, आणि पुष्कळशा गांगमध्ये जेमतेम दुचाकी जाते. आत प्रत्येक कुटुंबाचं भिंतीने वेढलेलं आवार, आणि प्रत्येकाला छपराचं, कोरीव दगडाचं प्रवेशद्वार, ज्याला 'आंगकुल-आंगकुल' म्हणतात. दिवसा ते पाहत उभं राहावंसं वाटतं, पण रात्री अडीचला सगळी दारं सारखीच दिसतात. नकाशावरची खूण खोलीत बसून पाठवली तर ती आवाराच्या मध्यावर पडते, आणि नकाशा गाडीला जवळच्या रस्त्यावर नेतो. तो जवळचा रस्ता मागच्या बाजूचा असू शकतो, मध्ये भिंत किंवा भातखाचर असलेला. चालकाच्या मते तो पोचलेला असतो आणि आपल्या मते तो आलेलाच नसतो.

म्हणून बहिणीला सांगितलं, संध्याकाळी जेवायला बाहेर पडशील तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभी राहा, तिथून खूण पाठव, आणि गल्लीच्या तोंडाचा एक फोटो काढून तोही पाठव. फोटोत दुकानाची पाटी आली तर उत्तम. खूण पाठवताना सतत सरकणारी नको, एका जागी थांबलेली हवी. सरकणारी खूण तुझ्याबरोबर पुन्हा खोलीत जाईल.

मग निरोप लिहिला तो असा:

```
Selamat sore, Pak.
Jemput hari Minggu, 14 Juni, jam 02.30 WITA, dini hari.
Titik jemput: mulut gang di Jalan Hanoman, bukan di homestay.
Kami 4 orang, tanpa koper.
Mohon kirim nomor plat dan warna mobil.
```

पहिली ओळ नमस्काराची, ती गाळू नये. 'पाक' म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणायचं संबोधन. तरुण चालकाला जावात 'मास' आणि बालीत 'ब्ली' म्हणतात, पण 'पाक' कुणालाच खटकत नाही. दुसऱ्या ओळीत वार, तारीख, वेळ आणि प्रहर, चारही एकमेकांची खात्री करून देतात. तिसऱ्या ओळीत भेटीची जागा गल्लीचं तोंड, आणि त्याच ओळीत 'निवासाशी नव्हे' हेही आहे. हा नकार महत्त्वाचा, कारण आरक्षणाच्या कागदावर निवासाचा पत्ता असतो आणि चालक सवयीने तिकडेच जातो. चौथी ओळ माणसं आणि सामान यांची, म्हणजे कोणती गाडी आणायची ते त्याला ठरवता येतं.

पाचवी ओळ गाडीच्या नंबरासाठी. बालीत पहिल्या मुलाचं नाव वायान, दुसऱ्याचं मादे, तिसऱ्याचं न्योमान आणि चौथ्याचं कतुत ठेवण्याची रीत आहे, शिवाय इतरही काही नावं त्याच क्रमाने चालतात. त्यामुळे पहाटेच्या अंधारात 'मादे का?' असं विचारलं तर चुकीच्या गाडीतूनही 'हो' येऊ शकतं. नंबर खोटं बोलत नाही. बालीच्या गाड्यांचा नंबर DK ने सुरू होतो, जावातल्या शहरांची अक्षरं वेगळी असतात.

थोड्या वेळाने उत्तर आलं:

```
Siap, Bu. Setengah 3 di depan gang ya. Mobil hitam.
```

बहिणीने लगेच मला पाठवलं, 'हा साडेतीन म्हणतोय!' नाही, तो अडीचच म्हणत होता. उलट हे उत्तर मला फार आवडलं, कारण त्याने आपला निरोप स्वतःच्या शब्दांत फिरवून लिहिला होता. नुसतं 'सिआप' आलं असतं तर मी थांबले नसते. 'सिआप' म्हणजे 'तयार आहे', आणि ते सभ्यपणाने कशालाही म्हटलं जातं; निरोप न वाचताही. त्याने वेळ लिहिली, जागा लिहिली, रंग लिहिला. नंबर राहिला होता. म्हणून एकच ओळ परत:

```
Betul, Pak, jam 02.30. Nomor platnya berapa?
```

'बरोबर, 02.30', आणि नंबराचा प्रश्न. ज्याचं उत्तर 'हो' असं देताच येत नाही असा प्रश्न विचारला की समोरच्याने निरोप पाहिला की नाही ते कळतं. पाच मिनिटांत नंबर आला.

हे सगळं आदल्या संध्याकाळीच का उरकायचं, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. निवासातलं वायफाय गल्लीच्या तोंडापर्यंत पोचत नाही. फोनमध्ये तिथलं सिमकार्ड नसेल तर रस्त्यावर उभं राहून काहीच विचारता येत नाही. अशा वेळी चौघांपैकी एकाने परत आत जाऊन यजमानांना चालकाला फोन लावायला सांगायचं, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही, हेही बहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि चालकाचा नंबर फोनमध्ये साठवताना सुरुवातीचा शून्य काढून +62 लावायचं, नाहीतर तो माणूस व्हॉट्सॅपवर सापडत नाही.

निरोपातल्या WITA या चार अक्षरांबद्दल थोडं सांगायचं राहिलं. इंडोनेशियात तीन प्रमाणवेळा आहेत. बाली मधल्या वेळेत येतं, भारतापेक्षा अडीच तास पुढे. बहिणीचे सासरे घड्याळ न बदलता निघाले असते तर त्यांना बरोबर बारा वाजलेले दिसले असते. जावा पश्चिमेच्या वेळेत येतं, ती WIB, बालीपेक्षा एक तास मागे. फक्त बालीत फिरणाऱ्याला ही अक्षरं लागत नाहीत. पण पुष्कळ लोक बालीहून गिलिमानुकच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जावातल्या बान्युवांगीला जातात, इजेन ज्वालामुखीतल्या निळ्या ज्वाला पाहायला. तिथेही गाडी मध्यरात्रीच्या सुमारास न्यायला येते, आणि तो चालक जावाच्या वेळेने बोलतो. तो '00.30 WIB' लिहील तेव्हा बालीच्या वेळेवर राहिलेल्या घड्याळात दीड वाजलेला असेल. सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे की फोन कधीकधी पलीकडच्या किनाऱ्याचा टॉवर पकडतो आणि वेळ आपोआप पुढे-मागे करतो. तेव्हा बान्युवांगीत उतरल्यावर फोनमध्ये वेळ हाताने लावायची, आणि चालकाला पाठवायच्या ओळीत आकड्यांपुढे WIB लिहायचं.